पटकथेतील कृतिवाक्ये आणि कॅमेऱ्याची मर्यादा

पटकथेत संवादांच्या अधेमधे जी वर्णनात्मक वाक्ये येतात, त्यांना चित्रपटव्यवसायात ‘ॲक्शन लाइन’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यांना कृतिवाक्ये म्हटले आहे. या वाक्यांत कॅमेऱ्याला दिसेल व ध्वनियंत्राला ऐकू येईल तेवढेच असावे, असा नियम पटकथा शिकविणारे सर्वत्र सांगतात. तो इतका सर्वमान्य झाला आहे की त्यालाही एक इतिहास आहे आणि त्या इतिहासात त्याच्यावर एक गंभीर आक्षेप घेतला गेला होता, याचा सहसा विसर पडतो. तो आक्षेप विचारात घेतल्यावाचून हा नियम नेमका कोणत्या वाक्यांना लावावयाचा हे कळत नाही.

नियमाचे मूळ कारखानदारीत आहे. १९१३-१४च्या सुमारास कॅलिफोर्नियात टॉमस इन्स याच्या चित्रनिर्मितीगृहात दृश्यांना क्रमांक दिलेली, स्थळांची यादी जोडलेली तपशीलवार संहिता चित्रीकरणाचा आधार बनली. एकाच स्थळावरची दृश्ये एकत्र चित्रित करावयाची, खर्चाचा अंदाज आधी बांधावयाचा, तर कागदावरील प्रत्येक ओळीचे वस्तूत, माणसात आणि वेळेत रूपांतर करता आले पाहिजे. ‘तो मनाने खचला आहे’ या ओळीसाठी कोणती सामग्री मागवावी, हे कोणत्याच व्यवस्थापकाला सांगता येणार नाही.

या व्यावहारिक गरजेला तात्त्विक रूप देण्याचे श्रेय बव्हंशी व्ह्सेवोलोद पुदोवकिन याच्याकडे जाते. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या छोट्या पुस्तकात त्याने पटकथाकाराला बजावले की, तू लिहितोस त्या प्रत्येक वाक्याला पडद्यावर दृश्य आकार घ्यावा लागणार आहे. तेथे त्याने दिलेले उदाहरण हेन्री किंगच्या १९२१ सालच्या ‘टॉलेबल डेव्हिड’ या अमेरिकन चित्रपटातील आहे. एक नवे पात्र, पळून आलेला एक गुंड, कथेत प्रवेश करतो. तो दुष्ट आहे हे सांगावयाचे आहे. घरात शिरता शिरता तो थबकतो. उन्हात झोपलेले मांजराचे पिल्लू त्याला दिसते. तो एक जड दगड उचलतो, आणि सामान आत नेणाऱ्या साथीदाराचा धक्का लागल्यामुळेच पिल्लू वाचते. ‘दुष्ट’ हे विशेषण कोठेही उच्चारलेले नाही. विशेषणाची जागा कृतीने घेतली आहे, आणि तीही अपूर्ण राहिलेल्या कृतीने. पिल्लू मेले असते तर प्रेक्षकाचे लक्ष गुंडावरून त्या पिल्लाकडे गेले असते, असे माझे मत आहे.

यानंतर तीनच वर्षांनी सेर्गेई आयझेनस्टाइनने याच्या उलट बाजू मांडली. क्रमांकित, आटोपशीर संहितेला सोव्हिएत चित्रपटवर्तुळात ‘लोखंडी संहिता’ असे नाव पडले होते. १९२९ साली पटकथेच्या रूपाविषयी लिहिलेल्या निबंधात आयझेनस्टाइनने या लोखंडी संहितेवर हल्ला चढविला. ‘पोटेम्किन’ युद्धनौकेवरील १९०५च्या उठावात प्रत्यक्ष सामील असलेल्या एका माणसाचे शब्द त्याने आधारास घेतले. हवेत मृत्यूसारखी शांतता पसरली होती, अशा अर्थाचे ते शब्द आहेत. आयझेनस्टाइनचे म्हणणे असे की, पटकथाकाराने हेच लिहावे. त्या शांततेचे काय करावयाचे, स्तब्ध बंदुकांच्या नळ्या दाखवावयाच्या की ध्वजाचे थरथरणे की समुद्रपक्ष्यांचे खालून उडणे, हे दिग्दर्शकाने ठरवावे. त्याच्या मते पटकथा ही एका मनाने दुसऱ्या मनाला दिलेली चेतना होय. ती आधीच चित्रांत फोडून दिली, तर दिग्दर्शकाला फक्त हिशेब पुरा करावयाचा उरतो.

या मताचा पुरस्कार करणाऱ्या पटकथाकारांत अलेक्सांद्र रझेशेव्स्की अग्रभागी होता. त्याच्या संहितांना ‘भावनिक पटकथा’ म्हणत. उद्गार, तुटक लयबद्ध ओळी, दिग्दर्शकाला घातलेली साद, असे त्यांचे स्वरूप. नवल असे की, १९२६ साली नियम सांगणाऱ्या पुदोवकिननेच त्याची एक संहिता चित्रपटासाठी घेतली. ‘एक साधी गोष्ट’ या अर्थाच्या नावाने तो चित्रपट १९३२ साली प्रदर्शित झाला आणि अपयशी ठरला. आयझेनस्टाइननेही १९३५ साली रझेशेव्स्कीच्याच संहितेवर ‘बेझिन कुरण’ हाती घेतला. पुढे इसाक बाबेलकडून संहितेचे पुनर्लेखन करविले. आणि मार्च १९३७ मध्ये चित्रपटखात्याचा प्रमुख शुम्यात्स्की याने काम थांबविले. या दोन घटनांवरून भावनिक पटकथा हीच दोषी ठरविणे मात्र योग्य होणार नाही. दुसऱ्या प्रसंगी तरी निर्णायक ठरला तो राजकीय रोष.

आयझेनस्टाइनच्या आक्षेपात मला तथ्य दिसते, परंतु त्याने निवडलेले उदाहरणच त्याच्या विरुद्ध साक्ष देते. ‘शांतता पसरली’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या तपासले, तर त्याचे विधेय इंद्रियगोचर आहे; ‘मृत्यूसारखी’ हे केवळ विशेषण अगोचर आहे. ‘त्यांना मृत्यूचे भय वाटले’ या वाक्यात विधेयच अगोचर आहे. पहिले वाक्य दिग्दर्शकाला दिशा देते, दुसरे त्याला निष्कर्ष देते आणि पुरावा शोधावयास लावते. म्हणून संपादकाने आपली कात्री प्रथम विधेयाला लावावी. विशेषण, उपमा, क्रियाविशेषण यांचा विचार नंतर करावा, आणि त्यांपैकी काही राहू दिली तरी बिघडत नाही.

मराठीत ही परीक्षा विशेष सुलभ आहे, कारण अनुभव सांगणाऱ्या वाक्यांची आपल्या भाषेत एक ठरीव रचना आहे. अनुभव घेणारा चतुर्थीत जातो: त्याला वाटले, तिला आठवले, त्यांना राग आला. कृतिवाक्यांतील ‘ला’ आणि ‘ना’ या प्रत्ययांखाली रेघ ओढत गेले, तर कॅमेऱ्याला न दिसणारी बहुतेक विधाने हाती लागतात. अर्थात कर्माचा ‘ला’ यातून वगळावा लागतो, आणि ‘त्याला ठेच लागली’, ‘तिला शिंक आली’ ही वाक्येही, कारण त्यांत अनुभव आणि दृश्य घटना एकच आहेत. दुसरी खूण काळाची. ‘करीत असे’, ‘करीत आला आहे’ ही रीतिवाचक व दीर्घकालवाचक रूपे एका चित्रात मावत नाहीत. कॅमेऱ्याला केवळ वर्तमानकाळ ठाऊक आहे. तिसरी खूण नकाराची: जे घडत नाही त्याचे छायाचित्र घेता येत नाही.

पुढील दृश्य मी वर्गात देण्यासाठी रचले आहे.

‘वाड्याची ओसरी. सकाळ. विष्णुपंत गेली वीस वर्षे याच आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत आले आहेत. आज त्यांचे लक्ष लागत नाही. त्यांना मुलाचे पत्र आठवते. सून चहा आणते. सासऱ्यांच्या मनातले तिने ओळखले आहे. दोघांत जड शांतता पसरते.’

वीस वर्षांचे वर्तमानात रूपांतर करावयाचे, तर त्या वर्षांनी मागे ठेवलेली खूण शोधावी लागते: खुर्चीच्या हातांवरचे पॉलिश बोटांच्या जागी उडालेले आहे. ‘वीस’ हा आकडा यात हरवतो. तो कथेला अत्यावश्यक असेल तर संवादात घालावा, अन्यथा जाऊ द्यावा. ‘लक्ष लागत नाही’ हा नकार आहे; त्याच्या जागी होकारार्थी कृती हवी. विष्णुपंतांनी वर्तमानपत्र उघडून धरले आहे, पण त्यांचा चष्मा घरासकट कोनाड्यात आहे. येथे एक पथ्य आहे: चष्म्यावाचून त्यांना वाचता येत नाही हे प्रेक्षकाने आधीच्या एखाद्या दृश्यात पाहिलेले असले पाहिजे, नाहीतर ही खूण मुकी राहील. पत्राचेही तसेच. मागच्या दृश्यात निळे अंतर्देशीय पत्र आले असेल, तर येथे त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे जाणे आणि कागदाची करकर ऐकू येणे पुरे. सुनेने ओळखले आहे, हे ती कोनाड्यातला चष्मा काढून कपाशेजारी ठेवते यावरून कळते. अशा रीतीने एकाच वस्तूने दोन अगोचर विधानांचा भार उचलला आहे.

शांततेच्या बाबतीत आयझेनस्टाइनच्या १९२९पेक्षा आपण अधिक सुदैवी आहोत, कारण बोलपटाने शांतता ऐकविण्याची सोय केली. बेला बालाझने दाखवून दिल्याप्रमाणे, दूरचे बारीक आवाज कानी येऊ लागले म्हणजेच जवळची शांतता जाणवते. संपादित दृश्य असे होते:

‘वाड्याची ओसरी. सकाळ. आरामखुर्चीच्या हातांवरचे पॉलिश बोटांच्या जागी उडाले आहे. विष्णुपंत वर्तमानपत्र उघडून बसले आहेत. चष्म्याचे घर मागच्या कोनाड्यात. त्यांचा हात खिशाकडे जातो. आत कागद करकरतो. सून चहाचा कप ठेवते. “मामंजी, चहा.” ती खिशावरच्या हाताकडे पाहते, कोनाड्यातून चष्मा काढते, कपाशेजारी ठेवते. कोणी बोलत नाही. मागच्या विहिरीवर रहाट कुरकुरतो, थांबतो.’

‘कोणी बोलत नाही’ हा नकार मी मुद्दाम ठेवला आहे, कारण तो अभिनेत्यांना सूचना देतो आणि लगेच येणाऱ्या रहाटाच्या आवाजाने ऐकूही येतो. या संस्काराने दृश्याची लांबीही खरी झाली. टंकलिखित एक पान म्हणजे पडद्यावरचे सुमारे एक मिनिट, हा व्यवसायातील अंदाज प्रत्येक ओळ वेळ घेणारी असेल तरच टिकतो. ‘वीस वर्षे’ या शब्दांना पडद्यावर एक क्षणही लागत नाही.

विद्यार्थी हा नियम पाळू लागले की हमखास एक विकृती येते. ‘त्याला राग येतो’ हे खोडून ते ‘तो मूठ आवळतो, दात खातो, सुस्कारा सोडतो’ असे लिहितात. हे सारे दिसते खरे, पण ती भावनेची ठोकळेवजा भाषांतरे आहेत. शिवाय ती अभिनेत्याचे काम हिरावून घेतात, आणि येथे आयझेनस्टाइनची तक्रार अगदी रास्त ठरते. ओळखण्याची खूण सोपी आहे: ती ओळ उचलून दुसऱ्या कोणत्याही पटकथेतील रागावलेल्या माणसाला चिकटविता येत असेल, तर ती काढून टाकावी. कोनाड्यातला चष्मा असा उचलता येत नाही.

एक शब्द मात्र दोन्ही मसुद्यांत तसाच राहिला आहे, तो म्हणजे ‘सून’. नाते कॅमेऱ्याला दिसत नाही. मंगळसूत्राने विवाह दिसतो, पण ती मुलगी की सून हे दिसत नाही. कृतिवाक्यात हा शब्द चालतो तो पात्रनिवड करणाऱ्याच्या सोयीसाठी. प्रेक्षकाला ते नाते कळते ‘मामंजी’ या संबोधनामुळे; आणि ज्या भाषेत सासऱ्याला हाक मारण्यासाठी असा वेगळा शब्द नाही, तेथील पटकथाकाराला याच ठिकाणी आणखी एक वाक्य खर्चावे लागेल.