चेहरा किती पिक्सेलचा?

दुकानात चोरी झाली, फुटेज काढले, पडद्यावर चोर दिसतो. पण त्याच्या चेहऱ्याच्या जागी एक पुसट ठिपका. पोलीस तो मोठा करून बघतात आणि ठिपकाही मोठा होतो. कॅमेरा चालू होता आणि रेकॉर्डिंगही झाले होते, तरी हे घडते. बहुतेक वेळा दोष कॅमेऱ्याच्या किमतीत नसतो. कॅमेरा लावण्यापूर्वी एक साधा हिशेब करायचा राहून गेलेला असतो. त्यासाठी लागते ती शाळेतली त्रैराशिकाची रीत, तिच्यापुढचे गणित नाही.

या शास्त्राचे मूळ माप आहे पिक्सेल प्रति मीटर. चेहरा जिथे असणार आहे तिथे एक मीटर रुंदीच्या जागेला चित्रातले किती पिक्सेल मिळतात, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या ॲनालॉग काळात सगळ्या पडद्यांच्या रेषा ठरलेल्या होत्या, म्हणून ब्रिटनमध्ये माणसाने पडद्याची किती टक्के उंची व्यापली यावर मोजमाप चाले. कॅमेऱ्यांचे रिझोल्यूशन नाना प्रकारचे झाले आणि ती टक्केवारी निरुपयोगी ठरली. 2014 साली आलेल्या IEC 62676-4 या आंतरराष्ट्रीय मानकाने पिक्सेलांत पायऱ्या दिल्या. त्यांतल्या दोन दुकानदाराच्या कामाच्या आहेत. ओळखीचा माणूस ओळखायला 125 पिक्सेल प्रति मीटर, आणि कधीही न पाहिलेल्या माणसाची ओळख निःसंशय पटवायला 250. गल्ल्यापाशी आपलाच नोकर उभा होता का, हे पहिल्या पायरीवर कळते. अनोळखी चोराचा चेहरा पोलिसांच्या हाती द्यायचा तर दुसरी पायरी हवी. माणसाचा चेहरा साधारण 16 सेंटिमीटर रुंद धरला, तर 250 ला त्याच्या वाट्याला 40 पिक्सेल येतात. माझ्या मते दुकानाच्या अपुऱ्या उजेडात 40 वर भिस्त ठेवू नये. 500 चे लक्ष्य धरावे, म्हणजे चेहऱ्याला 80 मिळतात.

आता एक दुकान घेऊ. रुंदी 4 मीटर, मागच्या भिंतीपासून दारापर्यंत 8 मीटर. मागच्या भिंतीवर 2 मेगापिक्सेलचा, 2.8 मिलिमीटर लेन्सचा डोम. बाजारात सर्रास मिळणारी ही जोडी. कॅमेऱ्याला किती रुंदीचे दृश्य दिसते, ते असे काढतात:

```
दृश्याची रुंदी = अंतर × सेन्सरची रुंदी ÷ फोकल लांबी
```

अशा कॅमेऱ्यातला 1/2.8 इंची सेन्सर सुमारे 5.6 मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे दारापाशी दृश्याची रुंदी 8 × 5.6 ÷ 2.8, अर्थात 16 मीटर. चित्र आडवे 1920 पिक्सेलचे, म्हणून एका मीटरला 120. चेहऱ्याला जेमतेम 19 पिक्सेल. शिवाय दुकान तर 4 मीटरच रुंद! दाराच्या पातळीवर चित्राचा तीन चतुर्थांश भाग दोन्ही बाजूंच्या कपाटांवर आणि भिंतींवर खर्ची पडतो. (अशा रुंद लेन्सचे चित्र कडांना वाकते, त्यामुळे कडांपाशी प्रत्यक्ष आकडा याहूनही थोडा खाली येतो.)

इथे दुकानदाराला हमखास सुचवले जाते की 8 मेगापिक्सेलचा घ्या. तेवढ्याच कोनात 3840 पिक्सेल बसवले तरी मीटरला 240 च मिळतात, 250 ची पायरीही गाठली जात नाही. उलट त्याच 2 मेगापिक्सेल कॅमेऱ्याला 12 मिलिमीटरची लेन्स लावली, तर दारापाशी दृश्य सुमारे 3.7 मीटर रुंद होते, मीटरला 514 पिक्सेल पडतात आणि चेहरा 82 पिक्सेलचा येतो. या कॅमेऱ्याला बाकीचे दुकान दिसणार नाही, आणि ते त्याचे कामही नाही. कोण कुठे गेले, काय उचलले, हे पाहायला 2.8 चा डोम राहू द्यावा. एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही कामे मागणे, हे वाया गेलेल्या फुटेजचे एक मोठे कारण आहे. गल्ल्याची गोष्ट वेगळी. तिथे गिऱ्हाईक कॅमेऱ्यापासून 2 मीटरवर थांबते आणि पैसे देताना मान वर करते. तेवढ्या अंतरावर 2.8 ची लेन्सही मीटरला 480 देते.

पिक्सेल मोजले म्हणजे चेहरा मिळालाच असे नाही. छताजवळ 2.7 मीटरवर लावलेल्या कॅमेऱ्याखाली माणूस दीड मीटरवर आला, की कॅमेरा त्याच्याकडे सुमारे 36 अंशांतून खाली बघतो. टोपी, कपाळ आणि नाकाचा शेंडा दिसतो. डोळे दिसत नाहीत. हाच कॅमेरा 8 मीटरवरून बघतो तेव्हा कोन 8 अंशांवर येतो. 15 अंशांच्या आत राहिलात तर चेहरा समोरून मिळतो. मात्र मागच्या भिंतीवरून दाराकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्याच्या तोंडावर रस्त्यावरचे ऊन येते आणि आत येणारा माणूस काळी सावली होतो. म्हणून दाराच्या कॅमेऱ्यात WDR हवेच, आणि त्याची परीक्षा भर दुपारी घ्यावी.

उजेड कमी झाला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडे ठेवतो. सेकंदाला दीड मीटर चालीने आडवा जाणारा माणूस 1/25 सेकंदात 6 सेंटिमीटर सरकतो. आपल्या 514 च्या चित्रात ते 31 पिक्सेल झाले; 82 पिक्सेलच्या चेहऱ्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग फासला गेला. 1/100 ला हे सरकणे 8 पिक्सेलांवर येते, पण त्यासाठी दारात एक चांगली ट्यूबलाइट लागते. तिच्यावरचा खर्च मोठ्या कॅमेऱ्यावरच्या खर्चापेक्षा जास्त फळतो.

आणखी एक सापळा डीव्हीआरमध्ये असतो. कॅमेरा 1080 चा असूनही रेकॉर्डिंग `1080N` वर ठेवलेले आढळते. त्यात चित्र 960×1080 साठवले जाते, आडवे पिक्सेल निम्मे होतात. आपले 514 तिथेच 257 झाले. लाइव्ह बघताना हे ध्यानात येत नाही. रेकॉर्डिंग काढल्यावर कळते, तेव्हा वेळ गेलेली असते.

म्हणून पडताळणी नेहमी रेकॉर्डिंगवरूनच करावी. दारात एकाला ए-फोर कागद छातीशी आडवा, कॅमेऱ्यासमोर सपाट धरून उभे करा. ते रेकॉर्डिंग परत काढून एक फ्रेम संगणकावर पेंटमध्ये उघडा. कागदाच्या डाव्या आणि उजव्या कडेवर कर्सर नेला की खाली आकडे दिसतात. त्यांची वजाबाकी करा. कागद 29.7 सेंटिमीटर रुंद असतो. वजाबाकी 74 आली तर 250 गाठले, 148 आली तर 500. हे एकदा दिवसा करा, एकदा रात्री दिवे लावून, आणि एकदा त्या माणसाला नेहमीच्या चालीने आत यायला सांगून त्याचा चेहरा बघा.

कोटेशन घेताना मेगापिक्सेलच्या शेजारी ‘दारापाशी पिक्सेल प्रति मीटर किती’ हा रकाना लिहून मागा, आणि कागदाची वजाबाकी जुळल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.