अधिकाराविना प्रभाव (प्रकल्प व्यवस्थापन)

अधिकाराविना प्रभाव म्हणजे ज्यांची रजा, कामवाटप व मूल्यमापन इतर अधिकाऱ्यांच्या हाती असते, अशा सहकाऱ्यांकडून प्रकल्पप्रमुखाने काम करवून घेणे होय.

कल्याण–बदलापूर तिसरी व चौथी मार्गिका हे याचे उदाहरण आहे. उल्हासनगर, अंबरनाथमार्गे जाणारा हा प्रकल्प मुंबई रेल्वे विकास महामंडळाकडे आहे. मात्र चालू मार्गावर कामासाठी ‘ब्लॉक’ देणे मध्य रेल्वेच्या हाती असते.

समजा, प्रकल्पप्रमुखाला रात्रीचे तीन तास हवे आहेत. पहाटेची लोकल रखडली तर जाब वाहतूक विभागाला द्यावा लागतो. त्यामुळे प्रमुखाला त्या विभागाची ही चिंता दूर करावी लागते. यंत्रे, साहित्य व माणसे आधीच जागेवर ठेवून त्याने मार्ग वेळेत परत दिला, तर पुढची मागणी सहज मान्य होते. एकदा उशीर झाला, की ती अडते.

तोंडी होकार पुरेसा नसतो. संबंधित कर्मचाऱ्याचे नाव त्याच्या विभागाच्या कामवाटपात नसेल, तर होकार कच्चा समजावा.

या पद्धतीला मर्यादा आहे. दोन विभागांचे अग्रक्रम परस्परविरोधी असल्यास केवळ मनधरणीने प्रश्न सुटत नाही. अशा वेळी दोन्ही पर्यायांचे परिणाम लिहून, दोन्ही विभागांना कळवून, निर्णय सामाईक वरिष्ठांकडे सोपवला जातो.