फुगलेल्या चेहऱ्यांची कुळकथा

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा घराघरातल्या पडद्याचा आकार एकच होता: चार भाग रुंद, तीन भाग उंच. आज दुकानात मिळणारा जवळजवळ प्रत्येक टीव्ही 16 भाग रुंद आणि 9 भाग उंच असतो. जुनं चित्र या नव्या चौकटीत कडेपासून कडेपर्यंत ताणून बसवलं की रुंदी बरोबर एक तृतीयांशाने वाढते. सडपातळ नायिका अंगाने भरते, क्रिकेटचा चेंडू अंड्यासारखा दिसू लागतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘पडदा भरतोय ना, मग राहू दे तसंच.’

ही फुगवणूक रिमोटवरून दुरुस्त करता येते. पण कुठलं बटण कुठल्या वेळी दाबायचं हे कळण्यासाठी आधी दोन चौकटींची ही भावकी कशी निर्माण झाली ते पाहायला हवं.

पहिली चौकट थॉमस एडिसनच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत ठरली. तिथे काम करणारा विल्यम केनेडी लॉरी डिक्सन 1890च्या दशकाच्या सुरुवातीला ईस्टमनची 70 मिलिमीटर रुंदीची फिल्म मधोमध उभी कापून 35 मिलिमीटरची पट्टी वापरू लागला. पट्टीच्या दोन्ही कडांना भोकं पाडली आणि एका चित्रासाठी चार भोकांइतकी लांबी ठेवली. त्यातून साधारण एक इंच रुंद आणि पाऊण इंच उंच चित्र मिळालं, म्हणजेच 4:3. दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला तोवर 35 मिलिमीटर हेच जगाचं चलन झालं होतं. ‘राजा हरिश्चंद्र’ याच पट्टीवर उतरला. बोलपटात ध्वनीची रेघ फिल्मच्या कडेला आली, तेव्हा चित्राची मापं पुन्हा आखावी लागली. 1932 साली अमेरिकेतल्या अकादमीने 1.37 हे प्रमाण ठरवलं, पण ते 4:3 पासून फार दूर नव्हतं. टेलिव्हिजनवाल्यांनीही हाच आकार उचलला.

मग टीव्ही घरात शिरला आणि चित्रपटगृहं ओस पडू लागली. घरी न मिळणारं काहीतरी दाखवायचं म्हणून हॉलीवूडने पडदा रुंद केला. 1953 साली ‘द रोब’ हा सिनेमास्कोपमधला पहिला चित्रपट आला. त्यामागचं भिंग मात्र नवं नव्हतं. आंरी क्रेतिएँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते 1920च्या दशकातच घडवलं होतं. कॅमेऱ्यावर बसवलेलं हे भिंग रुंद दृश्य आडव्या दिशेने निम्म्यावर दाबून नेहमीच्या फिल्मवर उतरवतं आणि प्रोजेक्टरवरचं दुसरं भिंग ते पुन्हा दुप्पट पसरवतं. भारतात 1959 साली गुरुदत्तने ‘कागज के फूल’ या पद्धतीने काढला. अशा चित्रपटाच्या वेळी प्रोजेक्टरवाल्याने पसरवणारं भिंग लावलंच नाही, तर पडद्यावर सगळेच काडीपैलवान दिसणार. टीव्हीवरच्या आजच्या सगळ्या घोटाळ्यांचं मूळ या युक्तीत आहे: पाठवताना दाबायचं आणि दाखवताना तेवढंच पसरायचं. दोन्ही टोकांनी एकमेकांचं ऐकलं नाही, तर माणसं एक तर लुकडी होतात नाही तर जाडी.

मधला 16:9 आला कुठून? 1980च्या दशकात हाय डेफिनिशन टीव्हीसाठी नवा आकार शोधणं चालू होतं. जपानचे अभियंते आधी 5:3 कडे झुकले होते. अमेरिकेत कर्न्स पॉवर्स या अभियंत्याने त्या वेळच्या प्रचलित आकारांचे, 4:3 पासून सिनेमास्कोपच्या 2.35 पर्यंतचे, सारख्या क्षेत्रफळाचे आयत काढले आणि मध्यबिंदू जुळवून ते एकमेकांवर ठेवले. सगळ्यांना पोटात घेणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांना समाईक असलेला आतला आयत, दोन्हींचं प्रमाण 1.77 च्या आसपास आलं. 16 भागिले 9 म्हणजे 1.78. थोडक्यात, हा तडजोडीचा आकार आहे. 4:3 ठेवला की डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या, सिनेमास्कोप ठेवला की वर-खाली, आणि दोन्हींत वाया जाणारी जागा साधारण सारखी. काळ्या पट्ट्या म्हणजे टीव्ही बिघडला असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं की पट्ट्या या आकाराच्या हिशेबात पहिल्यापासूनच धरलेल्या आहेत.

खरी गोम पुढे आहे. डीव्हीडीवरच्या, भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीच्या चित्रात 720 आडवे ठिपके आणि 576 ओळी असतात. चित्र 4:3 असो की 16:9, ठिपके तेवढेच. रुंद चित्र क्रेतिएँच्या भिंगाप्रमाणेच आडवं दाबून त्याच 720 ठिपक्यांत कोंबतात. ठिपक्यांकडे पाहून आकार कळत नाही. सोबत एक छोटी खूण पाठवलेली असते, ‘हे 4:3 आहे’ किंवा ‘हे 16:9 आहे’, आणि तिच्यावर सगळी मदार असते. एचडीएमआय केबलमधून अशी खूण जाऊ शकते. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या जुन्या वायरीतून ती सहसा पोचत नाही. मग टीव्ही अंदाज बांधतो, आणि कारखान्यातून आलेला त्याचा अंदाज बहुधा ‘पडदा भरा’ असाच असतो.

म्हणून दुरुस्ती करायची ती टीव्हीला जोडलेल्या प्रत्येक यंत्रासाठी वेगळी. एक उदाहरण घेऊ. घरात 43 इंची टीव्ही आहे. एचडीएमआयवर डिशचा सेट-टॉप बॉक्स आणि जुन्या एव्ही पिनांवर डीव्हीडी प्लेअर. बॉक्सवर जुन्या मालिका लागतात. प्लेअरवर कधी व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेलं लग्न, तर कधी सिनेमाची डिस्क.

सुरुवात बॉक्सपासून करावी, टीव्हीपासून नव्हे. बॉक्स 1080i किंवा 720p वर असेल, तर त्यातून निघणारं चित्र कायम 16:9 च असतं. जुन्या मालिकेचं चित्र ताणायचं की बाजूला पट्ट्या सोडायच्या, हे बॉक्सने आधीच ठरवून टाकलेलं असतं आणि टीव्हीला त्याचा पत्ता नसतो. बॉक्सच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा प्रकार 16:9 निवडावा आणि 4:3 चित्रासाठी ताणणारा पर्याय सोडून पट्ट्या ठेवणारा घ्यावा. बहुतेक ठिकाणी त्याचं नाव Pillarbox, Original किंवा Normal असं काहीतरी असतं. त्यानंतर टीव्हीच्या त्या एचडीएमआय इनपुटवर आकार साधा 16:9 ठेवला की काम झालं. आकार देणारा हात एकच असावा. बॉक्सने पट्ट्या लावलेलं चित्र टीव्हीने पुन्हा Zoom केलं, तर पट्ट्या जातात खऱ्या, पण जुन्या चित्राच्या उंचीचा चौथा हिस्साही जातो: वरून एक अष्टमांश, खालून एक अष्टमांश. समूहदृश्यात मागच्या रांगेतल्यांची डोकी उडालेली दिसली की हे ओळखावं.

डीव्हीडी प्लेअरची गोष्ट निराळी. त्याच्या सेटअपमध्ये TV Display या नावाखाली बहुधा तीन पर्याय दिसतात: 4:3 PS, 4:3 LB आणि 16:9. टीव्ही रुंद असल्याने 16:9 निवडायचं. आता रुंद सिनेमाची डिस्क नीट दिसेल, पण लग्नाची डिस्क ताणलेली दिसेल, कारण ती 4:3 आहे आणि एव्ही वायरीतून खूण येत नाही. इथे टीव्हीच्या रिमोटवरून त्या इनपुटचा आकार हाताने 4:3 करावा लागतो आणि सिनेमा लावताना पुन्हा 16:9. कटकट आहे, पण एवढ्या जुन्या जोडणीला दुसरा इलाज नाही. बरेच टीव्ही प्रत्येक इनपुटचा आकार वेगळा लक्षात ठेवतात. त्यामुळे एव्हीवर केलेल्या बदलाने बॉक्सचं चित्र बिघडत नाही.

आकार बरोबर बसला की नाही, हे मोजपट्टीनेही पाहता येतं. 43 इंची पडदा साधारण 95 सेंटिमीटर रुंद आणि साडेत्रेपन्न सेंटिमीटर उंच असतो. 4:3 चित्राने पूर्ण उंची व्यापली, तर त्याची रुंदी सुमारे 71 भरते आणि दोन्ही बाजूंना बारा-बारा सेंटिमीटरची पट्टी उरते. मोजपट्टी नको असेल, तर दृश्यात समोरून दिसणारी गोल वस्तू शोधावी, भिंतीवरचं घड्याळ किंवा गाडीचं चाक. ताणलेल्या चित्रात 30 सेंटिमीटर उंचीचं वर्तुळ 40 सेंटिमीटर रुंद होतं, आणि एवढा फरक डोळ्याला चुकत नाही. बीबीसीच्या जुन्या टेस्ट कार्डावर मोठं वर्तुळ असे, त्याचं एक कामही हेच होतं.

Wide Zoom सारखे पर्याय मात्र डोळ्याला फसवतात. ते मधला भाग जवळपास जसाच्या तसा ठेवतात आणि कडा जास्त ताणतात. स्थिर दृश्यात शंका येत नाही. पण एखादं पात्र मधून कडेकडे चालत गेलं की पावलागणिक जाड होत जातं. Zoom चा योग्य उपयोग एकाच ठिकाणी आहे: एसडी वाहिनीवर सिनेमा आधीच वर-खाली पट्ट्या घालून 4:3 मध्ये बसवलेला असतो आणि टीव्ही बाजूलाही पट्ट्या लावतो, म्हणजे चारही बाजूंनी काळं आणि मध्ये टिकलीएवढं चित्र. तिथे Zoom केल्याने काही कापलं जात नाही, फक्त काळं जातं.

मराठी बातम्यांची खालची धावती पट्टी अर्धी कापली जात असेल, तर दोष आकाराचा नसून ओव्हरस्कॅनचा असतो. काचेच्या नळीच्या टीव्हीत विजेच्या चढउताराने चित्र लहान-मोठं व्हायचं. कडेला काळं दिसू नये म्हणून ते मुद्दाम चौकटीबाहेर थोडं सांडवलेलं असे. नळी गेली तरी ही सवय नव्या टीव्हीत राहिली. एलजीच्या संचांवर Just Scan आणि सोनीच्या संचांवर Full Pixel निवडलं की चित्र कडेपर्यंत पूर्ण दिसतं.

काही वेळा ताण वाहिनीकडूनच आलेला असतो. तिथे टीव्हीवर 4:3 निवडून बघावं: माणसं सरळ झाली आणि वाहिनीचं बोधचिन्ह तेवढं लुकडं दिसलं, तर जुनं चित्र ताणून मग त्यावर बोधचिन्ह चिकटवलं गेलं आहे. बोधचिन्ह लुकडं राहिलं तरी बिघडत नाही, चित्र 4:3 वरच पाहावं. पण चित्र ताणण्याऐवजी कापलेलं असेल, तर रिमोटचा उपयोग नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये अमेरिकेत डिस्ने प्लसवर ‘द सिम्प्सन्स’चे जुने भाग 16:9 मध्ये कापून आले. एका भागात बिअरची तीन वेगवेगळी नावं एकाच मोठ्या नळातून भरली जातात असा विनोद होता. वरचा नळच कापला गेल्याने विनोद गेला. प्रेक्षकांनी ओरड केली आणि मे 2020 मध्ये कंपनीने मूळ 4:3 चित्र पाहण्याची सोय दिली. त्यासाठी मालिकेच्या पानावरच्या Details या भागात जाऊन Remastered Aspect Ratio बंद करावं लागे.