सही न करण्याची चिठ्ठी



आपल्या लोकांचा लिहिलेला इतिहास थोडा. कोकणातल्या गावांत जमातीचा कारभार मुकादम, चौगुला आणि गब्बाय पाहत, आणि बरेचसे निर्णय तोंडीच होत. पुढे मुंबईत मंडळे निघाली, सिनेगॉगच्या कमिट्या झाल्या आणि सभेचा वृत्तांत वहीत लिहायची सवय लागली. इस्राएलला येताना ती सवय आपण बरोबर आणली. इथे 1980 च्या अमुता कायद्याने वृत्तांत ठेवणे बंधनकारकही झाले. तेव्हा आज कुणाला आपल्या प्रार्थनागृहाचा इतिहास लिहायचा असेल, तर त्याला या वह्यांकडेच जावे लागते. वहीत जे आहे तेच झाले, असे तो धरून चालणार.

म्हणूनच आज एका चिठ्ठीची हकीकत सांगतो. चिठ्ठी आम्हीच लिहिली होती. गावाचे आणि माणसांचे नाव देत नाही.

तेव्हा आम्ही हॉस्पिटलात नोकरीला होतो आणि आमच्या गावच्या प्रार्थनागृहाच्या कमिटीत होतो. वृत्तांत मराठीतच लिहिला जाई आणि पुढच्या सभेत वाचून तो कायम केला, की हजर असलेले सगळे सभासद खाली सही करत. त्या सुमारास कोकणातल्या एका गावाहून एक सेफेर तोरा आमच्याकडे आला. त्या गावातली बहुतेक घरे इस्राएलला आली होती, मिनियनला दहा माणसे जमेनात. तिथल्या विश्वस्तांनी येणाऱ्या एका कुटुंबाबरोबर तो पाठवला आणि निरोप दिला, "आमचं काही ठरेपर्यंत सांभाळा." पत्र मात्र दिले नाही.

सोफेरने तपासले तेव्हा काही अक्षरे झडलेली निघाली. अशा सेफेरमधून वाचन करता येत नाही. दुरुस्तीचा खर्च कमिटीने करावा का, हा त्या सभेतला प्रश्न होता. दोघे जण म्हणाले, आधी कोकणातून लेखी पत्र मागवा, दुसऱ्याच्या वस्तूवर आपला पैसा नको. बाकीच्यांनी खर्चाच्या बाजूने हात वर केले. आमचाही हात त्यांत होता.

महिन्याने कच्चा वृत्तांत घरी आला. त्यात लिहिले होते की सेफेर तोरा "भेट म्हणून स्वीकारण्यात आला" आणि दुरुस्तीचा ठराव "सर्वानुमते" मंजूर झाला. उपस्थित सभासद नऊ.

आम्ही ते दोनदा वाचले. ठराव आम्हाला मान्य होता, पण सही ठरावाला नव्हती. वृत्तांतावरची सही म्हणजे "सभेत असेच घडले" ही साक्ष. ठरावाला विरोध करणाऱ्यानेही वृत्तांत खरा असेल तर सही करावी, आणि ठरावाच्या बाजूच्या माणसाने वृत्तांत खरा नसेल तर करू नये. नर्सिंगच्या शाळेत आम्हाला हेच शिकवले होते: औषध योग्य होते का हा एक प्रश्न, आणि ते दिले म्हणून चार्टवर सही करणे ही दुसरी गोष्ट.

त्याच रात्री बसून चिठ्ठी लिहिली. आमच्याकडे राहिलेल्या प्रतीवरून ती अशी:

"मा. अध्यक्ष साहेब यांस, सप्रेम शालोम. मागील सभेचा वृत्तांत मिळाला. सेक्रेटरींनी घेतलेल्या मेहनतीबद्दल आभारी आहोत. कलम 1, 2, 3 आणि 5 आमच्या आठवणीप्रमाणे बरोबर आहेत. कलम 4 मात्र खरा वृत्तांत म्हणून सही करता येत नाही. कारणे अशी. एक, 'भेट म्हणून' हे शब्द सभेत कोणी उच्चारले नाहीत. 'सांभाळण्यासाठी' असा निरोप वाचून दाखवला गेला होता. दोन, ठराव सर्वानुमते झाला नाही, दोन सभासद विरुद्ध होते. तीन, उपस्थितांत नऊ नावे आहेत, पण एक सभासद मतदानापूर्वी निघून गेले होते असे आम्हाला वाटते. तेव्हा कलम 4 असे लिहावे ही विनंती: 'सेफेर तोरा सांभाळण्यासाठी ताब्यात घेतला. दुरुस्तीचा ठराव सहा विरुद्ध दोन मतांनी मंजूर.' ठरावाबद्दल आमची तक्रार नाही, आम्ही त्याच्या बाजूनेच मत दिले. ही चिठ्ठी पुढील सभेत वाचून वृत्तांताला जोडावी. कळावे, लोभ असावा."

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. "सिस्टरबाई, एका शब्दावरून एवढं? मी काय तोरा माझ्या घरी नेणार आहे का?" आम्ही म्हटले, "साहेब, तुम्ही नाही नेणार. पण तुम्ही-आम्ही नसू तेव्हा वही बोलेल." तरी ते रागावलेलेच होते. वयाने मोठा माणूस, मुंबईपासूनची ओळख, आम्हालाही वाईट वाटले.

एका शब्दाने काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. 1961 च्या ऑक्टोबरात मुख्य रब्बिनेटच्या परिषदेने ठरवले, की बेने इस्राएलांशी विवाह करण्यास मनाई नाही. पण फेब्रुवारी 1962 मध्ये विवाह नोंदणाऱ्यांकडे ज्या सूचना गेल्या, त्यांत बेने इस्राएल हे नाव घालून आईकडच्या पिढ्या शक्य तितक्या मागे तपासायला सांगितले होते. निर्णय एक, कागद दुसराच. तो कागद बदलून घ्यायला 1964 च्या उन्हाळ्यात आपल्या माणसांना जेरुसलेममध्ये संपावर बसावे लागले. ऑगस्टमध्ये क्नेसेटने ठराव केला, आणि त्यानंतर सूचनांमधून आपले नाव काढले गेले.

पुढच्या सभेत अध्यक्षांनी चिठ्ठी स्वतः वाचली, हे त्यांचे मोठेपण. मग सेक्रेटरींनी कच्ची वही काढली. सभा चालू असताना जे भराभर टिपलेले असते ते नंतरच्या आठवणीपेक्षा भरवशाचे, म्हणून वाद झाला की आधी ती वही पाहावी. तीत "सांभाळायला" असेच होते. "भेट" हा शब्द पक्के लिहिताना शोभेसाठी आला होता, कुणाच्या मनात काही नव्हते. विरोध करणारे दोघेही समोरच बसले होते, त्यामुळे "सर्वानुमते" टिकले नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र आमचीच चूक निघाली. ते सभासद उठून दाराशी गेले होते हे खरे, पण हात वर करून मगच बाहेर पडले होते. शेजारी बसलेल्या दोघांनी तसे सांगितले. आम्ही तो मुद्दा तिथेच मागे घेतला आणि आकडा सात विरुद्ध दोन असा झाला. चिठ्ठीत "असे आम्हाला वाटते" लिहिले होते, त्यामुळे मान खाली घालावी लागली नाही. जे ऐकले ते ठामपणे लिहावे, ज्याबद्दल शंका आहे ते शंका म्हणूनच लिहावे.

दुरुस्ती कशी करायची यावरही बोलणे झाले. कोणी म्हणाले, पान फाडून नवे लिहू. आम्ही चार्टची रीत सांगितली: चुकलेल्या शब्दांवर एकच रेघ, खालचे वाचता येईल अशी. वर बरोबर शब्द, बाजूला तारीख आणि सही. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. तसेच केले, चिठ्ठी पानाला टाचली, आणि मग सगळ्यांबरोबर आम्हीही सही केली.

सेफेर तोरा दुरुस्त होऊन आमच्या हेखालात राहिला आणि त्यातून वाचन होऊ लागले. काही वर्षांनी कोकणातल्या त्या विश्वस्तांपैकी एकाचा नातू आला. त्याने अदबीने विचारले, आमच्या आजोबांनी पाठवलेला सेफेर तोरा तुमच्याकडे कोणत्या नात्याने आहे? तेव्हाचे अध्यक्ष वारले होते, सेक्रेटरी कॅनडाला गेले होते. नव्या कमिटीने वही काढली आणि ते पान त्याच्यासमोर ठेवले. त्याने रेघेखालचा शब्द वाचला, वरचा वाचला, चिठ्ठी वाचली. मग म्हणाला, "असू दे तुमच्याकडेच. फक्त एक पत्र करू या, दोघांच्या सहीचं."

ते पत्र आता त्याच पानाला टाचलेले आहे.