जुने द्या, नवे घ्या : दिवाळीच्या एका मजकुराची कुळकथा

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात मराठी वृत्तपत्रांतून जो एक मजकूर हटकून आढळतो, ज्यात जुना कुकर, जुना मिक्सर किंवा जुनी शेगडी आणून देणाऱ्यास नव्या वस्तूच्या किमतीत अमुक इतकी सूट जाहीर केलेली असते आणि ज्याच्या तळाशी एक तारका व तिच्यापुढे 'अटी लागू' एवढेच बारीक टंकात छापलेले असते, त्या मजकुराचे कूळ परदेशी जाहिरातशास्त्रात धुंडाळण्यापूर्वी आपल्याच तांबट आळीत शोधावे, असे मला वाटते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी काय किंवा नाशिकचा भांडीबाजार काय, तेथे जुने भांडे देऊन नवे नेण्याचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. आणि तो इतका रुळलेला होता की त्याची जाहिरात करण्याची गरज कोणास भासली नाही.

त्या व्यवहारास 'मोड देणे' म्हणत. बूड झिजलेला हंडा किंवा चीर गेलेले घंगाळ घेऊन गृहिणी दुकानी आली, की प्रथम ते तराजूत पडे. भरलेल्या वजनातून आतल्या कल्हईचे कथील, पूर्वी डाग लावून बुजवलेल्या जागेतील परका धातू आणि बुडाशी साचलेली काजळी यांच्यापोटी काही वजन वजा होई, ही घट. उरलेल्या वजनास मोडीचा भाव लागे, जो नव्या पत्र्याच्या भावाहून कमी असे, कारण मोड वितळवून पुन्हा पत्रा करण्यास कोळसा आणि मजुरी लागणारच. मग नवे भांडे तोलून त्याच्या धातूची किंमत आणि तिच्यावर घडणावळ अशी बेरीज होई, तीतून मोडीची रक्कम वजा जाई आणि बाकी राहील ती गिऱ्हाइकाने द्यायची. घासाघीस होई ती घटीवर आणि घडणावळीवर. तरी प्रत्येक आकडा उघड बोलला जात असे. या रीतीतील ध्यानात धरण्याजोगी गोष्ट ही, की जुन्या भांड्यास स्वतःची अशी किंमत होती. नवे काही न घेता नुसती मोड घालून रोख रक्कम घेऊन जाण्याची मुभा गिऱ्हाइकास असे.

दारोदार फिरणाऱ्या बोहारणीची रीत याहून निराळी. तिच्यापाशी तराजू नव्हता. जुने लुगडे उलगडून ती जर खरी की खोटी हे बोटांनी चाचपून पाही, कारण खऱ्या जरीतून चांदी निघते हे तिला पक्के ठाऊक असे. मग दोन लुगडी, एक कोट आणि वर आणखी एखादा सदरा घेऊन एक डबा द्यायचा की पातेले, यावर उंबरठ्याशी तासभर वाद चाले. येथे आकडा नव्हता. परंतु द्यायची वस्तू आणि घ्यायची वस्तू एकाच वेळी दोघींच्या डोळ्यांसमोर असे, आणि सौदा न पटल्यास गाठोडे पुन्हा घरात नेण्यास कोणाचीही आडकाठी नसे. पुढे साठ-सत्तरीच्या दशकांत घरोघरी स्टेनलेस स्टीलची भांडी येऊ लागली, तेव्हा कित्येक कुटुंबांनी तांब्यापितळेचे वडिलोपार्जित हंडे-घागरी मोडीत घालून त्यांच्या बदल्यात चकचकीत डबे घेतले. कल्हई आणि चिंचेची घासाघीस यांतून स्त्रियांची सुटका झाली, हा त्याचा खरा लाभ होय. मात्र नव्या धातूबरोबर मोडीचा हिशेब मागे पडला, कारण हातात आलेले स्टीलचे भांडे आता अनेकदा वजनाऐवजी नगाने विकत घेतले जाऊ लागले.

यानंतर स्वयंपाकघरात यंत्रे आली. हॉकिन्स ही कंपनी १९५९ साली मुंबईत स्थापन झाली, दक्षिणेत टी.टी.के.चा प्रेस्टीज कुकर आला, आणि पाहता पाहता कुकर मध्यमवर्गीय घराचा अविभाज्य भाग बनला. कारखानदारापुढे अडचण उभी राहिली ती कुकरच्या टिकाऊपणामुळे. रबरी गास्केट सैल पडले तर नवे बसवावे, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर बदलावा, शिट्टी हरवली तर दुसरी आणावी. भांडे तसेच राहते. ज्या घरात चालता कुकर आहे त्या घरास दुसरा कसा विकावा, या प्रश्नाचे उत्तर म्हणून अदलाबदलीची योजना पुढे आली. चालती वस्तू टाकून देणे आपल्या गृहिणीच्या जिवावर येते. तीच वस्तू 'दिली आणि तिचे काही आले' असे म्हणता आले, की खरेदीस मनाची संमती मिळते. नव्वदीच्या दशकात अकाई या दूरचित्रवाणी संचाच्या भारतातील विक्रेत्यांनी जुने संच परत घेण्याच्या योजना मोठमोठ्या जाहिरातींनी गाजवल्या आणि 'एक्स्चेंज ऑफर' हा शब्द घरोघरी गेला. धनत्रयोदशीला नवे भांडे घेण्याचा प्रघात आपल्याकडे पूर्वीपासूनच असल्यामुळे स्वयंपाकघरातील वस्तूंसाठी दिवाळीचा मुहूर्त आपोआप ठरून गेला.

या स्थित्यंतरात तराजू गेला, ही माझ्या मते या कुळकथेतील सर्वांत महत्त्वाची घटना आहे. एका उदाहरणाने हे स्पष्ट करतो. समजा, पाच लिटरच्या कुकरची छापील किंमत २,००० रुपये आहे आणि जाहिरात म्हणते की कोणताही जुना कुकर आणा व ४०० रुपयांची सूट मिळवा. वाचणाऱ्याची समजूत अशी होते की आपल्या जुन्या कुकरचे ४०० रुपये आले. परंतु छापील किंमत ही कमाल मर्यादा होय. त्याच दुकानात जुने काहीही न देता तोच कुकर १,७५० रुपयांस मिळत असेल, तर १,६०० रुपयांस नवा कुकर नेणाऱ्याच्या जुन्या कुकरचे मोल ४०० नव्हे, १५० रुपये झाले. आता तोच जुना कुकर भंगारवाल्याकडे नेला, बॅकेलाइटची मूठ आणि रबर काढून ॲल्युमिनियमचे वजन दीड किलो भरले आणि समजा त्याने किलोस १२० रुपये दिले, तर हाती १८० रुपये येतात. म्हणजे या अदलाबदलीत ग्राहकास ३० रुपयांची खोट बसली. उलटपक्षी, दुकानाचा नेहमीचा भाव छापील किमतीइतकाच असेल तर ही योजना निःसंशय फायद्याची आहे. निर्णय सर्वस्वी एका आकड्यावर अवलंबून आहे, तो म्हणजे जुने न देता पडणारा भाव. आणि नेमका तोच आकडा बहुतेक जाहिरातींत नसतो.

कायद्याची दृष्टीही हीच आहे, याकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या नियमांतील सत्ताविसाव्या नियमात एक दृष्टान्त दिलेला आहे : जुना फोन देऊन नवा २०,००० रुपयांस मिळतो आणि जुना न देता तो २४,००० रुपयांस पडतो, तर नव्याचे बाजारमूल्य २४,००० समजावे. अर्थात सरकार कर आकारते ते अदलाबदलीशिवायच्या भावावर. करवसुलीसाठी जो आकडा दुकानदारास ठाऊक असणे क्रमप्राप्त आहे, तो ग्राहकास सांगण्यात त्याची काहीच अडचण असू नये.

अटींचा इतिहासही यासोबत पाहिला पाहिजे. १९६९ च्या मक्तेदारीविषयक कायद्यात फसव्या जाहिरातीविरुद्ध ग्राहकास थेट संरक्षण नव्हते. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने १९७८ साली ही उणीव दाखवून दिली, आणि १९८४ च्या दुरुस्तीने 'अनुचित व्यापारी प्रथा' ही संकल्पना कायद्यात आली. सवलतीचा भाव जाहीर करून त्या भावाने वाजवी मुदतीपर्यंत व वाजवी प्रमाणात माल विकण्याचा हेतूच नसणे, ही तीत स्पष्टपणे नमूद असलेली एक प्रथा. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती उचलून धरली. २०१९ च्या नव्या कायद्याखाली स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांनी तर त्या तारकेवरच बोट ठेवले. खुलासा हा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच टंकात, ठळक जागी असावा. त्याने महत्त्वाची माहिती झाकू नये. आणि मूळ दावाच दिशाभूल करणारा असेल तर खाली खुलासा देऊन तो सावरण्याचा प्रयत्न करू नये, असे ती तत्त्वे सांगतात. वरचा मथळा मराठीत आणि खालच्या अटी इंग्रजीत, ही आपल्याकडील वृत्तपत्रांतून सर्रास आढळणारी रचना या नियमात बसत नाही, हे मराठी वाचकाने अवश्य ध्यानी घ्यावे.

मग नेकीचा मजकूर कसा असावा? मी तो असा लिहीन : 'कोणत्याही कंपनीचा, चालता वा बंद, जुना कुकर झाकणासह आणा. पाच लिटरचा नवा कुकर : छापील किंमत सर्व करांसह २,००० रुपये, जुना न देता आमच्या दुकानी १,७५० रुपये, जुना दिल्यास १,६०० रुपये. एका जुन्यावर एकच नवा. ही योजना धनत्रयोदशीपासून भाऊबिजेपर्यंत. साठा ६० नग. दुसरी कोणतीही सवलत हिच्यासोबत मिळणार नाही. दिलेला कुकर मोडीत जाईल, तो परत मिळणार नाही. नवा सदोष निघाला व बदलून देता आला नाही, तर भरलेले १,६०० आणि जुन्याचे १५० असे १,७५० रुपये रोख परत मिळतील.'

यातील शेवटच्या वाक्याबद्दल मला विशेष आग्रह आहे, कारण तंटे बहुधा तेथेच उद्भवतात. नवी वस्तू परत गेली तरी जुनी तोवर भंगारात पोहोचलेली असते आणि ग्राहकाच्या हाती केवळ भरलेली रोकड येते. जुन्याच्या मोलाची तरतूद आधीच लिहिलेली नसेल तर ते मोल बुडाले असे समजावे. घरपोच मागवलेल्या मिक्सरच्या बाबतीत दुसरी एक अट स्पष्ट हवी : माल घेऊन आलेल्या माणसाने दारात जुना मिक्सर पाहून 'मोटर जळालेली आहे' किंवा 'भांडे एकच आहे' म्हणून तो नाकारला, तर फरकाची रक्कम भरावी लागेल की मागणी रद्द होईल, हे आधी कळले पाहिजे. म्हणून 'चालू स्थितीत' एवढ्या मोघम शब्दांवर न थांबता, मोटर फिरली पाहिजे आणि निदान एक भांडे पात्यासह सोबत असले पाहिजे, इतका तपशील मजकुरात यावा. मिक्सरसारख्या विजेच्या वस्तूंना एप्रिल २०२३ पासून अमलात आलेले ई-कचऱ्याचे नियमही लागू असल्यामुळे, त्या अधिकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जातील असे आश्वासन दुकानदाराने त्याच मजकुरात द्यावे.

यंदा जुना कुकर पिशवीत घालून दुकानी जाल तेव्हा, पिशवी उघडण्यापूर्वी, नवा कुकर जुने काही न देता कितीस पडतो हे आधी विचारा, तो आकडा दुकानदाराकडून पावतीच्या मागे लिहून घ्या, आणि मगच जुने त्याच्या हवाली करा.