शुक्रवार सकाळी सातपर्यंत : एका चुकलेल्या तारखेचा घटनाक्रम

2025 सालच्या सप्टेंबरात ईद-ए-मिलादची सुट्टी शुक्रवारी, 5 तारखेला होती आणि अनंत चतुर्दशी लगेच शनिवारी, 6 तारखेला. मुंबईतल्या मुस्लिम समाजाने विसर्जनाच्या गर्दीचा विचार करून आपला जुलूस सोमवारवर, 8 तारखेवर नेला. त्यानुसार राज्य शासनाने बुधवारी, 3 तारखेला सुट्टीही 8 तारखेवर नेली, पण फक्त मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांसाठी. बाकी महाराष्ट्रात सुट्टी 5 तारखेलाच राहिली.

निर्णय खरा, बातमी खरी, तरी ती मिरजेत पोचली की चुकीची ठरणार. ते कसं घडतं, हे पाहण्यासाठी मिरजेतल्या शाळेचा एक पालकगट मनात धरू. गट कल्पनेतला आहे, तारखा मात्र खऱ्या आहेत.

बुधवार, सायंकाळी 7.40. उरले जवळजवळ 35 तास.
एक पालक काका टीव्हीवरची पट्टी वाचून गटात टाकतात: ‘ईदची सुट्टी बदलली. आता परवा नाही, सोमवारी. परवा शाळा आहे.’ यात दोन चुका आहेत. ‘मुंबईपुरती’ हा शब्द गळला आहे. दुसरी चूक जास्त घातक, कारण ती चुकीसारखी दिसतच नाही: तारखेऐवजी ‘परवा’ लिहिलं आहे. हा संदेश जो गुरुवारी वाचेल, त्याचा ‘परवा’ शनिवारी येईल. संदेश जितका फिरेल, तितकी त्यातली तारीख पुढे सरकत जाईल.

त्यातच 5 सप्टेंबर म्हणजे शिक्षकदिन. दहावीच्या मुली साडी नेसून एका दिवसाच्या बाई होणार, त्या कार्यक्रमाच्या तयारीत घरं गुंतलेली. ‘परवा शाळा आहे’ हे सगळ्यांना ऐकायचंच होतं, म्हणून कुणी शंका घेत नाही.

बुधवार, रात्री 8.20. उरले अजून चांगले चौतीस तास.
तोवर संदेश गल्लीच्या मंडळाच्या गटात, रिक्षावाल्या काकांच्या गटात आणि एका मावशीकडे कुपवाडला गेलेला आहे. कुणीतरी काकांना खासगीत कळवतं, ‘अहो, ते फक्त मुंबईचं आहे.’

काका संदेश दुरुस्त करायला जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर पहिल्या 15 मिनिटांतच बदलता येतो आणि ती वेळ टळलेली आहे. पण वेळेत बदलला असता, तरी काम भागलं नसतं. मजकूर बदलला की कुणाचाही फोन वाजत नाही. ज्यांनी आधी वाचलंय ते परत वर जाऊन पाहत नाहीत, आणि पुढे पाठवलेल्या प्रती जशाच्या तशा राहतात. शुद्धलेखनाची चूक असेल तर अशी मूक दुरुस्ती चालेल, तारखेची असेल तर नाही.

बुधवार, रात्री 8.30. काका संदेश पुसून टाकतात.
सगळ्यांसाठी संदेश पुसायला दोन दिवसांहून जास्त मुदत मिळते, म्हणून हा मार्ग सोपा वाटतो. पण जागेवर ‘संदेश हटवला’ अशी ओळ उरते. ज्यांनी वाचला होता त्यांना तारीख पाठ आहे, ज्यांनी वाचला नव्हता त्यांना कुतूहल. ‘काय होतं, काका?’ ‘ईदबद्दल काहीतरी होतं.’ ‘मग काढलं का?’

मिरजेत या तीन ओळी साध्या नाहीत. 2009 च्या सप्टेंबरात, गणेशोत्सवातच, या गावाने दंगल आणि संचारबंदी पाहिली आहे. विसर्जनाच्या दोन-तीन दिवस आधी, स्वागत कमानी उभ्या राहत असताना, ईदविषयीचा एक संदेश आला आणि गुपचूप गेला, एवढंच लोकांना दिसतं. मूळ निर्णय सलोख्यासाठी होता, तो मात्र कुणालाच कळलेला नाही. चुकीच्या तारखेने मुलाची एक फेरी वाया जाते. कारण न सांगता पुसलेल्या मजकुराचं तसं नसतं, तो लोकांना तर्क करायला सोडतो.

बुधवार, रात्री 9.15.
काका गोंधळून मोठा खुलासा लिहितात: पट्टी कशी दिसली, चष्मा नव्हता, कुणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा, आपण सगळे एक आहोत. बारा ओळी होतात, आणि शुक्रवारी शाळा आहे की नाही हे अकराव्या ओळीत. फोनच्या पडद्यावर पहिल्या काही ओळीच दिसतात. लोक हात जोडल्याच्या खुणा टाकतात, दोघं-तिघं वाद सुरू करतात, तारीख तशीच राहते.

इथे एका खऱ्या घटनेची आठवण काढावी. 13 जानेवारी 2018 ला हवाई बेटांवर सकाळी 8.07 ला सगळ्यांच्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा सरकारी इशारा आला. तो चुकून गेला होता. 8.20 ला खात्याने ट्विटरवर ‘धोका नाही’ असं लिहिलं, पण इशारा फोनवर आलेला होता आणि लोक फोनच पाहत होते. फोनवर दुरुस्ती आली 8.45 ला. 38 मिनिटं माणसं मुलांना घेऊन लपत होती. खरी माहिती तोवर दुसऱ्या वाटेवर पडून होती.

गुरुवार, सकाळी 10. उरले 21 तास.
अजूनही सगळं सावरता येतं. काकांनी आधी शाळेच्या कार्यालयात फोन करून विचारायचं, कारण दुरुस्तीच चुकली तर तिसरा संदेश कुणी मानत नाही. मग नवा, स्वतंत्र संदेश टाकायचा:

‘दुरुस्ती : मिरजेत ईद-ए-मिलादची सुट्टी शुक्रवार, 5 सप्टेंबर 2025 लाच आहे. शाळा बंद. सोमवार, 8 सप्टेंबरला शाळा नेहमीप्रमाणे सुरू. तारखेतला बदल फक्त मुंबई शहर व उपनगरासाठी आहे. बुधवार, 3 सप्टेंबरच्या सायंकाळचा माझा संदेश चुकीचा होता, तो मी काढला आहे. शाळेत विचारून खात्री केली आहे. तो कुणाला पाठवला असेल, तर हाही पाठवा.’

गाव, वार, तारीख, महिना, वर्ष सगळं पहिल्याच वाक्यात आलं. हा संदेश एकटा कुठेही गेला, महिन्याने उघडला, तरी अर्थ बदलत नाही. चुकीचं वाक्य पुन्हा उद्धृत केलेलं नाही, कारण घाईत वाचणारा तेवढंच उचलतो. संदेश का काढला तेही सांगितलं, त्यामुळे तर्काला जागा उरली नाही. माफी एका वाक्याची असावी, फार तर. गटप्रमुख ताईंनी तो वर टाचून ठेवला तर उशिरा येणाऱ्यालाही तोच आधी दिसेल. आणि मंडळाच्या गटात, रिक्षावाल्या काकांना, कुपवाडच्या मावशीला काकांनी स्वतः पाठवायचा, रिक्षावाल्यांना तर फोनच करायचा.

काका मात्र गुरुवारी गप्प बसतात. विषय शांत झालाय, पुन्हा कशाला उकरायचा, असं त्यांना वाटतं.

शुक्रवार, सकाळी 7.
फाटकाला कुलूप आहे. आईची साडी पिनांनी घट्ट बसवलेल्या दोन मुली बाहेर उभ्या आहेत, रिक्षा पोरांना उतरवून निघून गेलेली. लहानग्यांपैकी एकाच्या घरी फोन लागत नाही, आई-बाबा दोघंही कामावर.

सोमवार, 8 सप्टेंबर.
शाळा उघडी आहे आणि वर्गातले काही बाक रिकामे, कारण त्या घरांत ‘सोमवारी सुट्टी’ हीच तारीख अजून चालू आहे. आपल्या गटातल्या एखाद्या चुकलेल्या तारखेवर आज पडदा पडल्यासारखा वाटत असेल, तर ती तारीख अजून यायची आहे का, एवढं पाहा. यायची असेल, तर दुरुस्ती आजच पाठवा.