टीसीपी स्लायडिंग विंडो: फ्लो कंट्रोल आणि कंजेशन कंट्रोल यांतील फरक

टीसीपीमध्ये पोच, म्हणजे ॲकनॉलेजमेंट, येण्याआधी किती बाइट पाठवता येतील याला दोन स्वतंत्र मर्यादा असतात. पहिली मर्यादा घेणारा संगणक ठरवतो. तिला फ्लो कंट्रोल म्हणतात. दुसरी मर्यादा पाठवणारा संगणक मधल्या नेटवर्कचा अंदाज घेऊन स्वतःच ठरवतो. तिला कंजेशन कंट्रोल म्हणतात. दोन्हींमुळे पाठवण्याचा वेग कमी होतो, म्हणून त्यांची गल्लत होते. कारणे मात्र वेगळी आहेत.

विंडो कशी सरकते?

आलेला डेटा ॲप्लिकेशन वाचेपर्यंत घेणाऱ्याच्या बफरमध्ये थांबतो. बफरमध्ये किती जागा शिल्लक आहे, हे घेणारा प्रत्येक पोचेसोबत टीसीपी हेडरमधील विंडो या रकान्यात कळवतो.

समजा, बफर ४००० बाइटांचा आहे आणि प्रत्येक सेगमेंट १००० बाइटांचा आहे. पाठवणाऱ्याने बाइट १ ते ३००० पाठवले, पण ॲप्लिकेशनने अजून काहीच वाचलेले नाही. घेणारा पोच क्रमांक ३००१ आणि विंडो १००० असे कळवतो. पोच क्रमांक म्हणजे यापुढे अपेक्षित असलेला बाइट. आता पाठवणारा फक्त ३००१ ते ४००० पाठवू शकतो. ते पोहोचल्यावर पोच ४००१ आणि विंडो ० असे उत्तर येते, आणि पाठवणारा थांबतो. पुढे ॲप्लिकेशनने २००० बाइट वाचले की पोच ४००१ आणि विंडो २००० असा निरोप येतो. मग ४००१ ते ६००० पाठवता येतात.

यात विंडोच्या दोन कडा वेगवेगळ्या कारणांनी सरकतात. डावी कड पोच आल्यावर पुढे जाते. उजवी कड ॲप्लिकेशनने बफर रिकामा केल्यावरच पुढे जाते. विंडो शून्य झाली तेव्हा डावी कड उजवीला येऊन टेकली होती.

विंडो २००० झाल्याचा तो निरोप वाटेत हरवला तर? नुसती पोच टीसीपी पुन्हा पाठवत नाही. त्यामुळे पाठवणारा जागेची वाट पाहत राहील आणि घेणारा डेटाची. ही अडवणूक टाळण्यासाठी पाठवणाऱ्याकडे पर्सिस्ट टायमर असतो. तो संपला की पाठवणारा साधारण एका बाइटचा प्रोब पाठवतो, आणि त्याच्या उत्तरात सध्याची विंडो कळते.

एवढे पुरेसे का नाही?

ही विंडो १९८१ च्या टीसीपी मानकात होतीच. तरीही ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यातील वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. दोन्ही ठिकाणांत अंतर सुमारे ४०० यार्डांचे होते. घेणाऱ्याच्या बफरमध्ये जागा असली तरी मधल्या राउटरची रांग भरलेली असू शकते, आणि घेणाऱ्याच्या विंडोत ते दिसत नाही. पॅकेट गळतात, ती पुन्हा पाठवली जातात आणि कोंडी वाढते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावरचे उपाय मांडले.

तेव्हापासून पाठवणारा कंजेशन विंडो ही दुसरी संख्या सांभाळतो. ती कोणी कळवत नाही. पोच नियमित येत असेल तर पाठवणारा ती वाढवतो, आणि पॅकेट हरवल्याची खूण दिसली की घटवतो. घेणाऱ्याची विंडो `rwnd` आणि कंजेशन विंडो `cwnd` मानल्यास नियम असा आहे:

```
आणखी पाठवता येणारे बाइट = min(rwnd, cwnd) - पोच न आलेले बाइट
```

सोडवलेले उदाहरण

`rwnd` १६०००, `cwnd` ८००० आणि पोच न आलेले बाइट ५००० आहेत. लहान मर्यादा ८००० ची, म्हणून आणखी ३००० बाइट पाठवता येतील. येथे वेग नेटवर्कमुळे अडतो, घेणाऱ्यामुळे नाही.

ते ३००० पाठवल्यावर एक सेगमेंट हरवला असे समजू. एकाच क्रमांकाच्या तीन जादा पोच आल्या तर टीसीपी रेनो `cwnd` निम्म्यावर, म्हणजे ४००० वर आणतो. पोच मुळीच न येता टाइमआउट झाला तर `cwnd` एका सेगमेंटवर, म्हणजे १००० वर येते. दोन्ही वेळा `rwnd` ला या नुकसानाचा धक्का लागत नाही.

प्रत्यक्षात कसे ओळखावे?

वायरशार्कमध्ये `TCP ZeroWindow` दिसले तर घेणारे ॲप्लिकेशन डेटा पुरेशा वेगाने वाचत नाही. `TCP Dup ACK` आणि `TCP Retransmission` वारंवार दिसले तर पॅकेट वाटेत हरवत असण्याची शक्यता जास्त. मात्र वायरलेस जोडणीत कोंडी नसतानाही पॅकेट हरवू शकते, आणि जुन्या पद्धतीचे टीसीपी त्यालाही कोंडीच समजते.

`cwnd` हेडरमध्ये जात नसल्यामुळे वायरशार्कमध्ये तिचा रकाना नसतो. लिनक्सवर ती पाठवणाऱ्या संगणकावर `ss -ti` या आदेशाने पाहता येते. `rwnd` हेडरमधून येते आणि `cwnd` पाठवणाऱ्याकडेच राहते, हा फरक उत्तरात आधी लिहावा.